जुना ट्रॅक्टर घेताना : मीटरवरचे तास आणि ते तास गेले कुठे

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि बरेचसे सुटे भाग यांवरील करही 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. ही बातमी नव्या ट्रॅक्टरची म्हणून सगळीकडे वाचली गेली, पण तिचा खरा परिणाम जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारावर व्हायला हवा. कराआधी 6,00,000 रुपये किंमत असलेला ट्रॅक्टर पूर्वी 6,72,000 रुपयांना पडत असे, आता तो 6,30,000 रुपयांना पडतो. म्हणजे 42,000 रुपयांचा फरक. नवा एवढा स्वस्त झाला तर त्याच ताकदीच्या जुन्याचा भावही उतरला पाहिजे. प्रत्यक्षात सिंधुदुर्गात भातकापणीनंतर जे जुने ट्रॅक्टर विक्रीला निघाले, त्यातल्या अनेकांचा भाव अजून जुन्याच हिशोबाने सांगितला जातो.

मालवण तालुक्यातील दोन-तीन एकर भातशेती असलेला शेतकरी ट्रॅक्टर फक्त स्वतःच्या शेतासाठी घेत नाही. तेवढ्या कुणग्यांत ट्रॅक्टरला वर्षाचे काम नसते. स्वतःची चिखलणी उरकून वाडीतल्या इतरांची भाड्याने करायची, पुढे वायंगणी भाताला वापरायचा आणि मधल्या काळात ट्रॉली लावायची, असा त्याचा विचार असतो. या हिशोबात जून-जुलैतले तीन-चार आठवडे निर्णायक ठरतात. तरवा लावणीला आला आणि क्लच गेला, तर मेकॅनिक मिळेपर्यंत भाड्याची सगळी कामे दुसऱ्याकडे जातात. म्हणून जुना ट्रॅक्टर स्वस्त मिळाला की महाग, हे खरेदीच्या दिवशी नाही, पहिल्या पावसाळ्यात कळते.

आपल्या जिल्ह्यात विक्रीला येणारे जुने ट्रॅक्टर ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला घाटावरून आलेला. त्याची बरीच वर्षे उसाच्या किंवा मालाच्या ट्रॉल्या ओढण्यात गेलेली असतात. दुसरा किनाऱ्यावरच राबलेला. तो चिखलणीत आणि खाडीकाठच्या मळ्यांत फिरलेला असतो. दोघांच्या मीटरवर तीन हजार तासच दिसत असतील, तरी दोघांची झीज वेगवेगळ्या ठिकाणी झालेली असते. मीटर किती तास दाखवतो याच्याइतकेच ते तास कुठे गेले हे ओळखणे गरजेचे आहे. दिवाळीनंतर मसुरे परिसरातील एका शेतकऱ्यासोबत असे दोन ट्रॅक्टर पाहिले. त्यांच्याच आधारे तपासणीचा क्रम समजावून घेऊ.

पहिला ट्रॅक्टर : मीटरवर 3,212 तास

हा 2013 मध्ये नोंदणी झालेला, 39 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर एका मध्यस्थाने घाटावरून आणला होता. नवा रंग मारलेला, खालून-वरून धुतलेला. सांगितलेली किंमत 3,40,000 रुपये. मीटरवर 3,212 तास.

सर्वात आधी या आकड्याला वर्षांनी भागावे. बारा वर्षांत 3,212 तास म्हणजे वर्षाला सुमारे 268 तास. कृषी अभियांत्रिकीत खर्च काढताना ट्रॅक्टरचे आयुष्य साधारण 10,000 तास आणि वापर वर्षाला 1,000 तास धरतात. लहान शेतकऱ्याकडे प्रत्यक्ष वापर त्याहून बराच कमी असतो, त्यामुळे 268 हा आकडा अशक्य नाही. पण एवढे कमी राबलेल्या ट्रॅक्टरचे इतर भागही तेवढेच कमी झिजलेले दिसायला हवेत.

ते तसे दिसत नव्हते. क्लचच्या पेडलवरची नक्षी पूर्ण गुळगुळीत झाली होती. स्टेअरिंग बरेच फिरवल्यावर चाके हलत होती. ट्रॉली जोडायच्या हुकाचे भोक गोल राहिले नव्हते, ओढीच्या दिशेने लांबट झाले होते. मागच्या टायरच्या नक्षीचे दात मध्यभागी बरेच झिजले होते आणि कडेला त्या मानाने शाबूत होते. डांबरी रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढली की टायर असाच झिजतो. याउलट, अवजार जोडायच्या खालच्या दोन्ही दांड्यांच्या टोकांचे गोळे जवळजवळ नवे होते. शेतात राबलेल्या ट्रॅक्टरचे हे गोळे सैल होऊन खडखडतात. या सगळ्याचा अर्थ एकच, हा ट्रॅक्टर शेतात कमी आणि रस्त्यावर पुष्कळ चालला होता.

मीटरबाबत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या, केबलवर चालणाऱ्या मीटरचा एक तास म्हणजे घड्याळातला एक तास नव्हे. इंजिन ठरावीक फेऱ्यांवर चालले तरच मीटरचा तास घड्याळाशी जुळतो. इंजिन हळू चालले तर मीटरही हळू चालतो. शिवाय केबल तुटली की मीटर थांबतो आणि अनेक मालक ती वर्षानुवर्षे बदलत नाहीत. म्हणून इंजिन कामाच्या वेगावर दहा मिनिटे चालवून मीटरचा शेवटचा, दशांशाचा आकडा सरकतो का ते पाहावे. सरकला तर मीटर आज चालू आहे एवढेच सिद्ध होते. तो कधी बदलला का, हे मीटर सांगत नाही.

त्यासाठी सर्व्हिसच्या नोंदी पाहाव्यात. अधिकृत सर्व्हिस केंद्रात ट्रॅक्टर गेला की चेसिस क्रमांकासोबत त्या दिवशीचे तासही लिहिले जातात. मालकाकडून जुने जॉब कार्ड किंवा सर्व्हिस पुस्तिका मागावी, नाहीतर त्याच्या संमतीने केंद्रात विचारावे. या ट्रॅक्टरचे 2019 मधील एक जॉब कार्ड मिळाले आणि त्यावर 4,860 तासांची नोंद होती. म्हणजे 2019 ला जो आकडा होता, त्याहून आजचा आकडा कमी. मीटर नंतर बदललेला होता हे उघड झाले. नवा मीटर शून्यापासून सुरू झाला असे धरले, तर 4,860 आणि 3,212 मिळून खरा वापर 8,000 तासांच्या घरात जातो. मीटर बदलणे हा नेहमीच लबाडीचा प्रकार नसतो, बिघडला म्हणूनही बदलतात. पण ते सांगितले नसेल, तर भाव ठरवताना नव्या मीटरवरचा आकडा धरू नये.

क्लच : एकदाच, पण नीट तपासा

ट्रॉलीवर चाललेल्या ट्रॅक्टरचा क्लच आधी जातो. भरलेली ट्रॉली जागची हलवताना क्लच अर्धवट दाबून धरायची सवय असते. त्यात प्लेट घासते आणि तापते.

पेडल हाताने दाबून पाहावे. सुरुवातीला थोडे अंतर ते मोकळे जायला हवे. अनेक मॉडेलमध्ये हा मोकळा खेळ 20 ते 30 मिलिमीटर असतो, नेमके माप त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. खेळ अजिबात नसेल तर प्लेट झिजलेली असू शकते, किंवा चुकीच्या जुळणीमुळे क्लच सतत थोडा सुटलेला राहत असेल. पेडल दाबताच घरघर किंवा किणकिण असा आवाज आला, तर रिलीज बेअरिंग झिजले आहे असे समजावे.

नंतर घसरण तपासावी. ट्रॅक्टर सपाट, मोकळ्या जागेत उभा करावा. दोन्ही ब्रेक जोडून पक्के लावावेत. पुढे-मागे कोणीही उभे नको. सर्वात वरचा गिअर टाकून इंजिन मध्यम वेगावर ठेवावे आणि क्लच हळूहळू सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन दबते आणि लगेच बंद पडते. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालतच राहिले, तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केल्यास चांगली प्लेटही जळते.

या ट्रॅक्टरचे इंजिन बंद पडले नाही. जळकट वास आला आणि आम्ही ते लगेच थांबवले.

क्लचच्या घराखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या भागाच्या तळाशी, एक लहान भोक असते. आत तेल पाझरले तर ते या भोकातून बाहेर पडते. चिखलणीत पाणी आत शिरू नये म्हणून तेवढ्यापुरते त्याला बूच लावायचे असते आणि काम झाल्यावर काढायचे असते. रस्त्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरला दिवाळीत हे बूच कशाला? इथे ते घट्ट बसवलेले होते. काढल्यावर काळे तेल ठिबकले. तेल काळे आणि पातळ असेल तर ते इंजिनाचे, म्हणजे क्रँकच्या मागच्या सीलमधून आलेले. मधासारखे असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूच्या सीलमधून आलेले. दोन्हीपैकी कोणतेही तेल प्लेटवर गेले की प्लेट घसरू लागते. अशा वेळी नुसती प्लेट बदलून उपयोग नसतो, सीलही बदलावे लागते. त्यासाठी ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो, म्हणजे मजुरीही वाढते.

हायड्रॉलिक : थंड तेलावर फसू नका

विक्रेता लिफ्ट वर-खाली करून दाखवतो तेव्हा बहुतेक वेळा अवजार जोडलेले नसते आणि तेल थंड असते. थंड तेल दाट असते, त्यामुळे झिजलेला पंपही दाब धरतो. तेल तापून पातळ झाले की तोच पंप दम टाकतो. म्हणून रोटाव्हेटर किंवा दुसरे जड अवजार जोडून ट्रॅक्टर किमान अर्धा तास चालवावा, मध्ये मध्ये लिफ्ट उचलावी आणि मग चाचणी घ्यावी.

अवजार पूर्ण वर उचलून इंजिन चालूच ठेवावे आणि काही मिनिटे नुसते पाहावे. अवजार थोडे खाली येऊन पुन्हा वर जात असेल, मान डोलावल्यासारखे, तर आतून तेल गळते आहे. लिफ्ट खाली येते आणि कंट्रोल तिला पुन्हा वर नेतो. मग इंजिन बंद करावे. अवजाराच्या टोकाची उंची टेपने मोजून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावी. किंचित उतरणे चालते. पाच मिनिटांत अवजार जमिनीला टेकले, तर सिलिंडरची सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह झिजलेला आहे. थंड असताना झटकन उचलणारी आणि तापल्यावर रेंगाळणारी लिफ्ट दिसली, तर पंपावर संशय घ्यावा. चाचणी चालू असताना उचललेल्या अवजाराखाली हात किंवा पाय घालू नये.

पहिल्या ट्रॅक्टरची लिफ्ट थंड असताना उत्तम चालली. तापल्यावर डोलू लागली, पण अवजार जमिनीला टेकले नाही. हा दोष दुरुस्त होण्यासारखा होता.

दुसरा ट्रॅक्टर : स्वच्छ मीटर, पण तेलात पाणी

आठवड्याने दुसरा ट्रॅक्टर पाहिला. तो त्याच तालुक्यातील खाडीकाठच्या गावात होता. नोंदणी 2016 ची, मालक पहिलाच, मीटरवर 2,940 तास. वर्षाला साधारण 327 तास पडतात आणि सर्व्हिस पुस्तिकेतील नोंदीही ओळीने वाढत गेलेल्या. पेडलची नक्षी दिसत होती. हुकाचे भोक गोल होते. अवजाराच्या दांड्यांचे गोळे मात्र झिजलेले होते, म्हणजे काम शेतातच झालेले. क्लचच्या चाचणीत इंजिन लगेच बंद पडले. तेल तापवून पाहिले, तरी लिफ्टने अवजार धरून ठेवले. मागितलेली किंमत 3,10,000 रुपये.

इथे घाई करण्याचा मोह होतो. पण चिखलणीत राबलेल्या ट्रॅक्टरची झीज डोळ्यांना दिसत नाही. केजव्हील लावून गुडघाभर चिखलात तासन् तास फिरताना मागच्या धुऱ्याचे सील गाळाने घासले जाते. सील गेले की आतले तेल बाहेर येते, तसे बाहेरचे पाणीही आत जाते. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. धुऱ्यातून शिरलेले पाणी त्यामुळे हायड्रॉलिक पंपापर्यंत पोचते. खाडीकाठी ते पाणी खारे असेल तर नुकसान आणखी लवकर होते.

हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे. ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागेवर न हलवता उभा ठेवायला सांगावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, ट्रान्समिशनचा तळाचा बोल्ट मालकाच्या समोर काही आटे सैल करावा आणि पहिली धार पारदर्शक बाटलीत घ्यावी. आधी पाणी आले आणि मग तेल, तर पाणी शिरलेले आहे. तेल ताकासारखे पांढरट असेल तर पाणी घुसळून एकजीव झाले आहे. शंका राहिली तर तेलाचे दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर दुरून टाकावेत. चटचट आवाज येऊन थेंब उडाले तर त्यात पाणी आहे.

या ट्रॅक्टरमधून आधी पाव कपभर पाणी आले. मागचे तेल मात्र मधाच्या रंगाचे होते, पांढरट झालेले नव्हते. म्हणजे पाणी अलीकडच्या हंगामात शिरलेले. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकच्या घराजवळ ओल आणि त्यावर चिकटलेली माती होती. सील तिथेच गेलेले होते.

गळती : धुतलेला ट्रॅक्टर आधी चालवा

गळती पाहताना ट्रॅक्टर धुतलेला असेल तर घाबरू नये, पण तेवढ्यावर समाधानही मानू नये. संशयाची जागा फडक्याने पुसून कोरडी करावी, ट्रॅक्टर तासभर कामाला लावावा आणि नंतर खाली वर्तमानपत्र अंथरून अर्धा तास उभा ठेवावा. कागदावरचा डाग कोणत्या भागाखाली पडला आणि कोणत्या रंगाचा आहे, यावरून गळतीचे ठिकाण समजते. नुसती ओल आणि चिकटलेली धूळ असेल तर तो पाझर, काही काळ थांबता येते. कागदावर थेंब पडले तर दुरुस्तीचा खर्च आजच भावातून वजा करावा.

इंजिनाची तपासणी थंड असतानाच सुरू व्हायला हवी. आपण पोचण्याआधीच इंजिन गरम केलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. गरम झाल्यावरही निळा धूर सुटत राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन हळू चालू असताना तेल भरायच्या तोंडाचे झाकण सैल करावे. धूर भपकारे मारत जोरात बाहेर आला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर हेडच्या गॅस्केटची शंका घ्यावी. किनाऱ्यावरच्या ट्रॅक्टरला याशिवाय रेडिएटरच्या बारीक पात्या, वायरिंगचे जोड आणि मागच्या चाकांच्या रिमची आतली बाजू पाहावी. खारी हवा आधी तिथे धरते.

हिशोब

मेकॅनिकच्या अंदाजाने पहिल्या ट्रॅक्टरला क्लच, सील आणि मजुरी मिळून 24,000 रुपये, लिफ्टला 8,000 रुपये आणि मागच्या टायरच्या जोडीला 42,000 रुपये लागणार होते. एकूण 74,000 रुपये. मागितलेल्या किमतीत मिळवले तर 4,14,000 रुपये, आणि तेही 8,000 तासांच्या आसपास चाललेल्या, पुढे इंजिनाचे मोठे काम निघू शकणाऱ्या ट्रॅक्टरसाठी. मध्यस्थ 3,10,000 रुपयांच्या खाली उतरला नाही. शेतकऱ्याने तो सोडला.

दुसऱ्याला दोन्ही बाजूंची सील, पूर्ण तेल, फिल्टर आणि मजुरी मिळून 18,000 रुपयांचा अंदाज निघाला. पाण्याची बाटली समोर असल्याने भावावर वाद झाला नाही. 2,85,000 रुपयांत व्यवहार ठरला. दुरुस्तीसह 3,03,000 रुपये झाले. सुट्या भागांवरचा कर कमी झाल्याचा फायदाही इथे मिळाला. काम आधी करून घेतले आणि ट्रॅक्टर त्यानंतरच वायंगणीच्या नांगरणीला लावला.

या तपासण्यांना मर्यादा आहेत. गिअरच्या दातांची किंवा क्रँकच्या बेअरिंगची स्थिती उघडल्याशिवाय नक्की कळत नाही. गरम इंजिन हळू चालू असताना ऑइलचा दाब खूप उतरत असेल किंवा एखादा गिअर ओढीत आपोआप निसटत असेल, तर तेवढ्यावरच व्यवहार थांबवावा. भाव कमी करून घेतला तरी असा ट्रॅक्टर लहान शेतकऱ्याला परवडत नाही.

पैसे देण्यापूर्वी आरसीवरील चेसिस आणि इंजिन क्रमांक ट्रॅक्टरवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः जुळवावेत. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरणासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. ट्रॅक्टर कर्नाटकातून आलेला असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी मागावे.

तपासणीला जाताना टेप, फडके, वर्तमानपत्र, पारदर्शक बाटली आणि आपला मेकॅनिक एवढे सोबत घ्यावे. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर पाहावा आणि सकाळी, तो थंड असताना, पुन्हा जावे. विक्रेता रात्रभर ट्रॅक्टर एका जागी उभा ठेवायला तयार नसेल, तर तो व्यवहार पुढे नेऊ नये.